सळई ताणाच्या बाजूला: आरसीसी बीमच्या स्लाइड समजावून सांगण्याची एक पद्धत

आरसीसी बीमवरचं कुठलंही प्रेझेंटेशन उघडा, पहिल्या चार-पाच स्लाइडमध्ये एक चित्र हमखास सापडतं. दोन टेकूंवर आडवा ठेवलेला बीम, वरून खाली येणारे बाण, थोडासा खचलेला मध्य आणि पोटातून गेलेली एक जाड रेघ, म्हणजे सळई. खाली ओळ असते: काँक्रीट ताणात कमजोर, म्हणून स्टील खाली.

ओळ चुकीची नाही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात तिचा शेवटचा शब्दच राहतो: खाली. मग तोच माणूस रावेत किंवा वाघोलीच्या साइटवर बाल्कनीचा स्लॅब तपासायला उभा राहतो, जाळी प्लायपासून वीस मिलिमीटरवर छान बसलेली पाहतो आणि हो म्हणतो. बाल्कनीत ती जाळी वर हवी असते.

डिप्लोमाची मुलं, साइटवर नवे लागलेले ज्युनियर इंजिनिअर, कधी सोसायटीची कमिटी, यांच्यासमोर या स्लाइड घेऊन उभं राहायची वेळ येणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पाच स्लाइड पुरतात. प्रत्येक स्लाइडवर काय बोलायचं, कुठे थांबायचं आणि कोणता आकडा फळ्यावर लिहायचा ते क्रमाने पाहू. सगळीकडे क्रम एकच ठेवायचा: आधी बीम कसा वाकेल ते विचारायचं, मग तडा कुठे जाईल ते काढायला लावायचं आणि सळई शेवटी. बहुतेक स्लाइडमध्ये सळई आधीच काढलेली असते, त्यामुळे विचार करायला काही उरतच नाही. जमलं तर पहिल्या तीन स्लाइडमधून ती पुसून टाका.

पहिली स्लाइड: वाकणं म्हणजे काय

इथे स्लाइडपेक्षा फोम उपयोगी. गादीवाल्याकडून साधारण चाळीस सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर जाड फोमचा तुकडा आणा. त्याच्या लांब बाजूवर मार्करने दर दोन सेंटिमीटरवर उभ्या रेघा मारा आणि उंचीच्या मध्यावर एक आडवी रेघ. दोन विटांवर ठेवून मध्ये बोटाने दाबा. उभ्या रेघा वरच्या कडेला जवळ येतात, खालच्या कडेला लांब जातात आणि मधल्या आडव्या रेघेवर त्यांच्यातलं अंतर जवळजवळ तेवढंच राहतं. वरची बाजू दाबात, खालची ताणात, आणि मधली रेघ म्हणजे न्यूट्रल अक्ष. हे शब्द रेघा पाहून झाल्यावरच उच्चारा.

आता तोच तुकडा टेबलाच्या कडेवर अर्धा बाहेर काढा, आतला भाग हाताने घट्ट दाबून धरा आणि मोकळं टोक खाली ढकला. टेबलाच्या कडेपाशी रेघा वरच्या बाजूला फाकतात. या क्षणी काही सांगू नका, कोण ताणलं गेलं ते त्यांनाच विचारा. 'खाली' हा शब्द इथेच सुटायला हवा, कारण पाचव्या स्लाइडपर्यंत तो डोक्यात पक्का बसलेला असतो.

दुसरी स्लाइड: सळई नसलेला बीम किती टिकतो

'कमजोर' म्हणून चालत नाही, किती कमजोर ते दाखवावं लागतं. एकच बीम घ्या आणि शेवटपर्यंत तोच वापरा. माझा नेहमीचा बीम पुण्यातल्या कुठल्याही इमारतीत सापडेल असा आहे: रुंदी २३० मिमी, कारण भिंत नऊ इंची, उंची ४५० मिमी, गाळा ४ मीटर, काँक्रीट एम २५. स्वतःचं वजन, स्लॅब, भिंत आणि माणसांचा भार धरून त्यावर मीटरला २० किलोन्यूटन येतात, म्हणजे साधारण दोन टन. दोन्ही टोकं नुसती टेकलेली आहेत असं धरलं तर मध्यावरचा मोमेंट असा:

```
M = wL²/8 = 20 × 4²/8 = 40 kNm
Z = bD²/6 = 230 × 450²/6 = 7.76 × 10⁶ mm³
M/Z = 5.15 N/mm²
```

बीम आयताकृती असल्यामुळे वरच्या कडेला ५.१५ चा दाब आणि खालच्या कडेला ५.१५ चाच ताण. दोन्हीकडे आकडा सारखा, हे मुद्दाम सांगा. काँक्रीटवर अन्याय एकाच बाजूने होत नाही, सोसण्याची ताकद मात्र दोन बाजूंना वेगळी असते. एम २५ काँक्रीटची दाबातली ताकद २५ न्यूटन प्रति चौरस मिमी. वाकताना ताणात ते किती सोसेल यासाठी आयएस ४५६ मध्ये साधं सूत्र आहे: दाबाच्या ताकदीचं वर्गमूळ गुणिले ०.७. म्हणजे ५ गुणिले ०.७, उत्तर ३.५.

वर ५.१५ विरुद्ध २५: काँक्रीटला काही कळतही नाही. खाली ५.१५ विरुद्ध ३.५: गेलं. मीटरला साडेतेरा किलोन्यूटनच्या आसपासच खालून तडा सुटतो, आणि सळई नसेल तर तो तडा थांबत नाही. तो वर सरकला की उरलेली उंची कमी होते, कमी उंचीवर ताण आणखी वाढतो आणि बीम क्षणात दोन तुकडे होऊन पडतो. वर्गात खडू मोडून दाखवा. उभा धरून दाबला तर अंगठा दुखेपर्यंत टिकतो, वाकवला की पट्कन तुटतो, आणि तुटण्याआधी कसलीही सूचना देत नाही.

पुण्यात जुनी बांधकामं पाहिलेल्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत असतं. दगडही दाबात पक्का आणि ताणात कच्चा, म्हणून वाड्यांमध्ये जोतं आणि तटबंदी दगडाची, पण तुळया सागाच्या. लाकूड ताण सोसतं. शनिवारवाड्याचा दगड-विटांचा तट अजून उभा आहे. वरचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत गेले. ताण सोसेल असं जे होतं, ते जळण्यासारखंही होतं.

तिसरी स्लाइड: तडा गेल्यावर सळई कामाला लागते

इथे एक समज मोडावा लागतो. बहुतेकांना वाटतं की सळई तडा जाऊ देत नाही. आकडे तसं सांगत नाहीत.

एम २५ काँक्रीटचा लवचिकता गुणांक साधारण २५,००० न्यूटन प्रति चौरस मिमी. ३.५ ला तडा जातो तेव्हा काँक्रीट त्याच्या लांबीच्या ०.०००१४ पट ताणलेलं असतं. सळई काँक्रीटला घट्ट चिकटलेली असल्यामुळे तीही तेवढीच ताणली जाते. स्टीलचा गुणांक २,००,०००. गुणाकार करा: सळईत फक्त २८ न्यूटन प्रति चौरस मिमी. फे ५०० सळईची ताकद ५००. म्हणजे काँक्रीट फाटण्याच्या क्षणी सळईने आपल्या ताकदीच्या सहा टक्केसुद्धा वापरलेली नसते.

तडा गेला की काँक्रीटने सोडलेला सगळा ताण सळईवर येतो. ती तडा उघडू देत नाही, केसाएवढा ठेवते. आयएस ४५६ साधारण परिस्थितीत पृष्ठभागावर ०.३ मिमीपर्यंतचा तडा चालवून घेतं. म्हणून आरसीसी बीमच्या पोटाला दिसणारी प्रत्येक केसरेघ म्हणजे धोका नव्हे. सोसायटीच्या बैठकीत हे सांगितलं की निम्मे लोक निश्चिंत होतात आणि निम्म्यांना इंजिनिअर बिल्डरचा माणूस वाटू लागतो. त्याला इलाज नाही.

आता सळई किती हे काढता येतं. डिझाइनमध्ये भार दीडपट धरतात, म्हणजे ४० चे ६०. वरच्या भागात काँक्रीटचा दाब आणि खाली सळईचा ताण ही एक जोडी आहे, आणि त्या दोघांमधलं उभं अंतर हा त्यांचा लिव्हर आर्म. खालचं कव्हर २५ मिमी, रिंग ८ मिमी आणि १६ मिमी सळईची अर्धी जाडी वजा केली की बीमच्या वरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत ४०९ मिमी राहतात, ४१० धरू. लिव्हर आर्म त्याहून थोडा कमी, इथे साधारण ३७७ मिमी. ६० किलोन्यूटन मीटरला त्याने भागलं की सळईने ओढून धरायचा ताण १५९ किलोन्यूटन येतो, म्हणजे सोळा टन. डिझाइनसाठी फे ५०० चा ताण ४३५ धरतात. त्याने भागलं की ३६६ चौरस मिमी. १६ मिमीच्या दोन सळया ४०२ चौरस मिमी देतात. बस.

दोन सळयांवर सोळा टन, हा आकडा ऐकून वर्ग जागा होतो. लगेच पुढचा प्रश्न टाका: याच दोन सळया बीमच्या उंचीच्या मध्यावर ठेवल्या तर? स्टील तेवढंच, वजन तेवढंच, बिलही तेवढंच. पण लिव्हर आर्म ३७७ वरून १९० च्या आसपास येतो आणि बीमची क्षमता साधारण ६५ वरून ३३ किलोन्यूटन मीटरवर. रोजचा मोमेंटच ४० आहे, त्यामुळे हा बीम डिझाइनचा भार सोडाच, घरातला नेहमीचा भारही पेलणार नाही. आणि सळया वरच्या कडेला ठेवल्या तर त्या दाबातल्या, आधीच पक्क्या असलेल्या भागात पडून राहतात. ताणाची बाजू सळईविना असल्यासारखीच.

'मग बीममध्ये वर दोन सळया का असतात?' हा प्रश्न इथे येतोच. नुसत्या टेकलेल्या बीममध्ये त्या मुख्यतः रिंगा टांगायला असतात, साइटवर त्यांना हँगर बार म्हणतात. खरं काम चौथ्या स्लाइडवर.

एक गोष्ट विसरू नका: सळई काँक्रीटमधून सरकली तर हे सगळं गणित फुकट. म्हणून तिच्यावर रिब असतात, आणि ताणाच्या जागेपासून पुढे ती पुरेशी लांब न्यावी लागते. एम २५ मध्ये फे ५०० सळईला ही लांबी व्यासाच्या साधारण ४९ पट येते. साइटवर सरसकट ५० पट धरतात. १६ मिमीच्या सळईला ८०० मिमी.

रिंगांसाठी वेगळी स्लाइड करू नका, दोन वाक्यं पुरतात. टेकूजवळ तडे उभे न जाता तिरपे जातात, कारण तिथे कातर बलामुळे ताणाची दिशाच तिरपी होते. त्या तिरप्या तड्यांना शिवून धरायला रिंगा असतात, म्हणून टेकूजवळ त्या दाट असतात आणि मध्ये विरळ. कारण तेच, ताणाची दिशा वेगळी.

चौथी स्लाइड: पुण्यातला बीम नुसता टेकलेला नसतो

ही स्लाइड बहुतेक प्रेझेंटेशनमध्ये घाईत उरकली जाते, आणि खरी इमारत याच चित्रासारखी असते. आपल्या फ्रेममध्ये बीम कॉलमवर टेकवलेला नसतो, त्याच्यासोबत ओतलेला असतो आणि पलीकडच्या गाळ्यात तसाच पुढे जातो. टोकं फिरायला मोकळी नसतात. फोमच्या तुकड्याची दोन्ही टोकं हातात घट्ट धरून मध्ये दुसऱ्याला दाबायला सांगा. मध्ये खालच्या रेघा फाकतील, आणि हातांपाशी वरच्या.

आपलाच बीम, तोच भार, पण दोन्ही टोकं पूर्ण आवळलेली धरली तर मोमेंट असे वाटले जातात:

```
टोकांना: wL²/12 = 26.7 kNm   (वरची बाजू ताणात)
मध्ये:   wL²/24 = 13.3 kNm   (खालची बाजू ताणात)
```

बेरीज तीच ४०. पण मोठा वाटा आता कॉलमपाशी आणि वर आहे, मधल्यापेक्षा दुप्पट. प्रत्यक्षातला बीम नुसता टेकलेला आणि पूर्ण आवळलेला या दोन अवस्थांच्या कुठेतरी मध्ये बसतो. वाकण्याची दिशा बदलते ती जागा टोकापासून गाळ्याच्या साधारण ०.२१ पट आत, म्हणजे आपल्या बीममध्ये ८४ सेंटिमीटरवर. म्हणून कॉलमवरच्या जादा वरच्या सळया ड्रॉइंगमध्ये गाळ्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहून पुढे नेलेल्या दिसतात: इथे कॉलमच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर. फिटर त्यांना 'एक्स्ट्रा' म्हणतो आणि त्या नावामुळेच कधी कधी त्या खरोखर जादा आहेत असं समजून आखूड कापल्या जातात. त्या जादा नाहीत, कॉलमपाशी मुख्य सळई तीच.

इतिहासातली एक नोंद इथे सांगायला मला आवडते. १८५४ साली पुण्यात पुढे सीओईपी झालेला इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. त्याच वर्षी इंग्लंडात न्यूकॅसलच्या विल्यम विल्किन्सन या प्लास्टरच्या कारागिराने काँक्रीटच्या जमिनीत लोखंडी दोर घालण्याचं पेटंट घेतलं. दोर मध्ये खाली झोळ घेतलेला, आणि टेकूंवर वर चढलेला. तेव्हा हे गणित कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण दोर बरोबर तिथेच गेला जिथे काँक्रीट फाटलं असतं.

पाचवी स्लाइड: बाल्कनी

इथे घाई करू नका, निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल.

१२५ मिमी जाड आणि भिंतीच्या बाहेर १.२ मीटर आलेला बाल्कनीचा स्लॅब घ्या. स्वतःचं वजन ३.१, फरशी आणि गिलावा १, माणसांचा भार ३: चौरस मीटरला ७.१ किलोन्यूटन. शिवाय अगदी बाहेरच्या कडेला विटांची कमरेएवढी भिंत, मीटरला २ किलोन्यूटन. ही कडेची भिंत सर्वात महाग पडते, कारण तिचा सगळा भार पूर्ण १.२ मीटरच्या हाताने ओढतो.

```
M = 7.1 × 1.2²/2 + 2 × 1.2 = 5.1 + 2.4 = 7.5 kNm
```

दीडपट धरून ११.३. त्यासाठी वरच्या बाजूला ८ मिमी सळई दर १५० मिमीवर, वरून २० मिमी कव्हर ठेवून. मग स्लॅबच्या खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत साधारण १०० मिमी मिळतात आणि क्षमता सुमारे १३.६ येते. डिझाइन झालं.

आता काँक्रीट ओतायचा दिवस. पंपाचा पाइप ओढला जातो, व्हायब्रेटरवाला जाळीवर उभा राहतो, घमेली घेऊन चार माणसं त्याच वाटेने येतात-जातात. ८ मिमीची सळई पायाखाली सहज दबते. समजा ती चार सेंटिमीटर खाली बसली, म्हणजे १०० चे ६० झाले. बीममध्ये चार सेंटिमीटर म्हणजे नऊ-दहा टक्के, पण इथे क्षमता १३.६ वरून ७.७ वर येते. रोजचा मोमेंट ७.५. राखीव ताकद संपली.

आणि सळई पार खाली, प्लायजवळ असेल तर? मग वरच्या ताणाला सळई नाहीच. ऐकणाऱ्यांना वाटतं की अशी बाल्कनी टेकू काढताच पडेल. ती बहुधा पडत नाही, आणि धोका तिथेच आहे. एक मीटर रुंद, १२५ मिमी जाड पट्ट्याचं Z साधारण २.६ × १० चा सहावा घात, ७.५ ला त्याने भागलं की ताण २.९ न्यूटन प्रति चौरस मिमी. काँक्रीटची मर्यादा ३.५. म्हणजे सळई चुकीच्या बाजूला असूनही निव्वळ काँक्रीटच्या ताणातल्या ताकदीवर ती बाल्कनी उभी राहते. टेकू निघतात, फरशी बसते, फ्लॅटची चावी दिली जाते. पुढे काँक्रीट सुकताना आक्रसतं, उन्हाने तापतं आणि पावसात गार होतं, फरशीवर आणखी एक थर चढतो, कडेला मातीच्या जड कुंड्या येतात, किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीला सगळे कठड्याला रेलून उभे राहतात. भिंतीच्या रेषेत वरून एक तडा सुटतो. त्याला अडवणारी सळई वर नाही, म्हणून तो थांबत नाही, आणि बाल्कनी दुसऱ्या स्लाइडवरच्या खडूसारखी जाते.

ओतण्याआधी काय मोजायचं

या स्लाइडनंतर साइटवर नेता आलं तर उत्तम. मोजायची गोष्ट एकच. स्टीलची पट्टी जाळीतून खाली प्लायवर टेकवा आणि वरच्या सळईची खालची कड किती उंचीवर आहे ते पाहा. आपल्या १२५ मिमी स्लॅबमध्ये ती ९७ च्या आसपास हवी: १२५ वजा २० कव्हर, वजा ८ सळई. हे भिंतीच्या रेषेवर मोजायचं, बाल्कनीच्या टोकाला नाही. मोमेंट भिंतीपाशी सर्वात मोठा असतो, आणि तपासणारा बहुधा टोकाला, उजेडात, मोजून मोकळा होतो.

मग पायाने जाळीवर हलकं वजन देऊन पुन्हा मोजा. आकडा बदलला तर चेअर कमी आहेत. चेअर म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे वाकवलेले पाय. ८ मिमीच्या जाळीला मी त्या साठ-सत्तर सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवू देत नाही, आणि भिंतीच्या रेषेवर एक ओळ हवीच. वरच्या जाळीखाली विटेचा किंवा दगडाचा तुकडा सरकवून काम भागवलेलं दिसलं तर काढायला लावा. व्हायब्रेटर लागला की तो निसटतो. माणसांना चालायला फळ्या टाका, त्या जाळीवर न टेकता वेगळ्या आधारावर.

दुसरं पाहायचं ते आतल्या बाजूचं. बाल्कनीच्या वरच्या सळया भिंतीवर संपत नाहीत, आतल्या स्लॅबमध्ये जातात. चिकटण्यासाठी ८ मिमीला ४०० मिमी पुरतात, पण मोमेंट भिंतीपलीकडेही आत काही अंतर चालू राहतो. म्हणून अनेक ड्रॉइंगमध्ये त्या बाल्कनीच्या लांबीच्या दीडपट आत नेलेल्या असतात, १.२ मीटरच्या बाल्कनीला १.८ मीटर. ड्रॉइंगमध्ये जे लिहिलं असेल ते मोजा, अंदाज करू नका. आतला स्लॅब बाल्कनीपेक्षा खाली असेल, जसा बाथरूमच्या सन्क स्लॅबमध्ये असतो, तर वरची सळई सरळ आत जाऊच शकत नाही. तिथे फिटरला विचारण्याऐवजी डिझाइनरला फोन करा.

आणि टेकू काढतानाचा क्रम. नेहमीच्या बीमचे टेकू मधून सुरू करून टोकांकडे काढतात. बाल्कनीचे टेकू मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे. उलटं केलं, भिंतीजवळचे आधी काढून टोकाचा ठेवला, तर काही वेळासाठी ती बाल्कनी भिंत आणि टेकू यांच्यात पसरलेला साधा स्लॅब होते. ताण खाली येतो, आणि खाली मोजकीच सळई असते. फोमवर हे दोन मिनिटांत दाखवता येतं, पाहणाऱ्याच्या लक्षात राहतं.

बांधून झालेल्या बाल्कनीत कसं ओळखायचं

कमिटीसमोर बोलत असाल तर हा प्रश्न पहिलाच येतो. लोक बाल्कनीखाली उभे राहून छत पाहतात. तिथे पोपडे किंवा गंजाचे डाग दिसू शकतात आणि तेही गंभीर असतात, पण ताणाचा तडा वर असतो, फरशीखाली, भिंतीच्या रेषेत. म्हणून भिंतीला समांतर, उंबऱ्यालगतची फरशीची सांध उघडली आहे का ते पाहा. पावसाळ्यात त्याच रेषेतून खालच्या मजल्यावर ओल उतरते का, आणि बाहेरच्या कठड्याची कड लेव्हल ट्यूबने आतल्या जमिनीशी तुलना करता खाली गेली आहे का. फरशीला पाण्यासाठी ढाळ दिलेला असतोच, तो बाल्कनी झुकल्याचा पुरावा धरू नका. स्लॅबच्या खालच्या कडेवर मोजा.

सळई कुठे आहे हे रिबाउंड हॅमरने कळत नाही. तो फक्त पृष्ठभागाच्या काँक्रीटच्या कठीणपणाचा अंदाज देतो. त्यासाठी कव्हर मीटर लागतो. फरशी आणि खालचा थर काढून, वरून, भिंतीच्या रेषेत फिरवला की सळई किती खोल आहे ते मिलिमीटरमध्ये कळतं. २० ते ३० दिसलं तर बरं. ६० दिसलं तर वर मांडलेला हिशेब लागू होतो. काहीच सापडलं नाही तर वरून एका ठिकाणी काँक्रीट उघडून खात्री करावी लागते.

शंका पक्की झाली तर कुंड्या, टाकी आणि माणसं आधी बाजूला. मग खालून टेकू लावायचे: स्लॅबला लागतील एवढेच घट्ट, जॅकने वर उचलायचं नाही, आणि खालच्या मजल्याच्या बाल्कनीवरही टेकू घेत भार जमिनीपर्यंत न्यायचा. नाही तर वरच्या बाल्कनीचं ओझं तशाच खालच्या बाल्कनीवर टाकल्यासारखं होतं. पुढची दुरुस्ती, म्हणजे खाली कंस किंवा बीम घ्यायचा की वरून नवी सळई आत अँकर करायची, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने मोजमाप घेऊन ठरवायचं. वरून नुसता वॉटरप्रूफिंगचा जाड थर ओतून तडा बुजवू देऊ नका. त्याने ओल थांबेल, पण सळईविना उभ्या असलेल्या स्लॅबवर आणखी वजन चढेल.